लांडग्याचा कुत्रा होताना

कुत्रा लांडग्यापासून उत्पन्न झाला याविषयी आता वाद उरलेला नाही. मात्र आजच्या रानांत हिंडणारे लांडगे हे त्याचे पूर्वज नसून, दोघेही हिमयुगातील लांडग्यांच्या जुन्या वंशाच्या फांद्या आहेत आणि त्या सुमारे 20 ते 40 हजार वर्षांपूर्वी विलग झाल्या, असा जनुकीय अभ्यासांचा अंदाज आहे. निर्विवादपणे कुत्र्याचाच म्हणता येईल असा जुना सांगाडा जर्मनीतील बॉनजवळच्या ओबरकासेल येथे 1914 मध्ये एका पुरुषाच्या व स्त्रीच्या अस्थींसोबत सापडला. तो सुमारे 14 हजार वर्षांपूर्वीचा असून सातेक महिन्यांच्या पिल्लाचा आहे. म्हणजे या दफनाच्या कितीतरी आधी लांडगा माणसाळला होता. परंतु तो कसा माणसाळला, हे हाडांवरून कळत नाही.

या प्रश्नाला प्रयोगाच्या वाटेने भिडण्याचा विचार सोव्हिएत जनुकशास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी केला. पाळीव जनावरांमध्ये कानांचे लोंबणे, अंगावरचे पांढरे ठिपके आणि वळलेली शेपटी ही लक्षणे पुन्हापुन्हा एकत्र दिसतात, आणि माणसाने ती एकेक करून निवडली असावीत हे त्यांना पटत नव्हते. निवड केवळ स्वभावाची झाली असावी व बाकीचे त्याच्यामागून आपोआप आले असावे, असे त्यांचे अनुमान होते. जनुकशास्त्राचे विरोधक लिसेंको यांच्या प्रभावामुळे त्या शास्त्राचे नाव काढणेही धोक्याचे असताना, 1959 मध्ये त्यांनी नोव्होसिबिर्स्क येथील संस्थेच्या वतीने, कातड्यासाठी पाळल्या जाणाऱ्या रुपेरी कोल्ह्यांवर काम सुरू केले आणि त्याची दैनंदिन धुरा ल्युदमिला त्रुत यांच्याकडे सोपवली.

प्रयोगाची पद्धत साधी होती. पिल्लू महिन्याचे झाले की परीक्षक त्याला हातातून खाऊ देत देत कुरवाळण्याचा प्रयत्न करी, आणि ही चाचणी ते सहा-सात महिन्यांचे होईपर्यंत दरमहा होई. पळणारी वा चावणारी पिल्ले सर्वांत खालच्या वर्गात, स्पर्श निमूट सोसणारी त्याच्या वर आणि शेपटी हलवत जवळ येणारी त्याहून वर गणली जात. यांतून अगदी थोडेच नर व मोजक्या माद्या पुढील पैदाशीसाठी ठेवल्या जात. माणसाचा सहवास मुद्दाम मर्यादित ठेवला जाई, कारण दिसणारी माया शिकवणुकीची नसून रक्तातली आहे, हे सिद्ध करायचे होते. सहाव्या पिढीत आणखी वरचा एक वर्ग करावा लागला, कारण काही पिल्ले माणसाचे लक्ष वेधण्यासाठी केविलवाणी कुंईकुंई करू लागली आणि हात चाटू लागली. दहाव्या पिढीत अशी 18 टक्के होती, विसाव्या पिढीत 35 टक्के.

शरीरात काय घडत होते, हा या प्रयोगाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. कोल्ह्याच्या पिल्लाला अनोळखी गोष्टींचे भय साधारण सहाव्या आठवड्यापासून वाटू लागते आणि त्यानंतर नवे नाते जुळणे अवघड होते. निवडलेल्या वंशात हे भय नवव्या आठवड्यापर्यंत लांबले. ताण आला की रक्तात उतरणाऱ्या संप्रेरकांचे प्रमाणही बारा पिढ्यांत जवळजवळ निम्म्यावर आले. थोडक्यात, निवडीने शहाणपण नव्हे, तर बालपण लांबवले.

कपाळावरचा पांढरा ठिपका, लोंबते कान व वळलेली शेपटीही काही कोल्ह्यांत दिसू लागली आणि बेल्यायेव यांचे अनुमान खरे ठरल्याचा डंका पिटला गेला. पण हा डंका थोडा घाईचा होता. हे कोल्हे रानातून पकडलेले नव्हते. त्यांचे पूर्वज कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरील पैदास-केंद्रांतून आले होते, जिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच त्यांची पैदास होत होती, आणि ठिपकेवाल्या व माणसाशी सलगी करणाऱ्या कोल्ह्यांची तिथली छायाचित्रे या प्रयोगाच्या कित्येक दशके आधीची आहेत. 2019 मध्ये काही अभ्यासकांनी हे मांडल्यावर, स्वभाव बदलला की रूपही बदलते हा निष्कर्ष डळमळला. निव्वळ निवडीने स्वभाव झपाट्याने बदलतो, हा मात्र टिकून राहिला.

लांडग्याच्या बाबतीत तर निवड करणारा बेल्यायेव नव्हताच. म्हणून काही अभ्यासक मानतात की माणूस जवळ आला तरी उशिरा पळणाऱ्या लांडग्यांना वस्तीभोवतीच्या उकिरड्यावर जास्त खायला मिळाले, त्यांची पिल्ले जास्त जगली आणि भित्रेपणा पिढ्यांगणिक आपसूक चाळला गेला. ही कल्पना आकर्षक असली तरी मोठे उकिरडे स्थायी वस्तीतच साचतात, आणि ओबरकासेलचा कुत्रा शेती सुरू होण्याच्या हजारो वर्षे आधीचा आहे. पिष्टमय अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या अनेक प्रती आजच्या बहुतेक कुत्र्यांत आढळतात, तर लांडग्यात बहुधा दोनच. पण ही वाढ प्रामुख्याने शेतीनंतरची दिसते. त्यामुळे भाकरतुकड्यावर जगणारा कुत्रा ही कथेची नंतरची पायरी ठरते आणि पहिला लांडगा जवळ आला तो शिकाऱ्यांनी टाकलेल्या मांसाच्या आशेने, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.