घाटावरचा मासा आणि त्याचा डोळा

मासा घेताना आधी डोळे बघायचे, हे मला आजीने शिकवलं. आजी मालवणकडची. तिच्या लहानपणी रापण ओढून झाली की मासे वाळूवरच विकायला पडत, त्यामुळे पकडल्यापासून चुलीपर्यंत फार तर चार तास. डोळा फुगीर आणि काचेसारखा असला की मासा ताजा, एवढी एकच कसोटी तिला पुरत असे. माझे वडील नोकरीसाठी पिंपरीत आले, मी इथेच वाढलो, इथेच इंजिनिअर झालो आणि आता हिंजवडीत कोड लिहितो. घरी रविवारी मासे आणायचं काम माझ्याकडे आहे. समुद्रापासून बरंच आत आणि साडेपाचशे मीटर उंचीवर आजीची कसोटी कितपत चालते, हा प्रश्न त्यामुळे माझ्यापुरता तरी दर आठवड्याचा आहे.

उत्तर शोधताना लक्षात आलं की या भागात समुद्रातल्या माशाचा डोळा बघायची वेळच फार उशिरा आली. बोरघाटाखालून ओला मासा वर आणणं जुन्या काळी व्यवहार्य नव्हतं. देशावर समुद्र यायचा तो सुकट आणि सुक्या बोंबिलाच्या रूपात. चाकणसारख्या आठवडे बाजारांत आजही सुक्या मासळीचा वेगळा कोपरा असतो. ओला मासा म्हणजे नदीचा. त्यात मरळीला मान, कारण तिला हवेतूनही श्वास घेता येतो आणि ती थोड्याशा पाण्यात तासन्‌तास जिवंत राहते. जिवंत माशाचा ताजेपणा तपासायचा नसतो, आणि सुक्याचा डोळा बघण्यात अर्थ नसतो. म्हणजे घाटावरच्या माणसाकडे माशाची पारख होती, पण ती या दोन टोकांची. मधल्या माशाची, म्हणजे मेलेल्या पण न सुकलेल्या माशाची, गरजच पडली नव्हती.

हा मधला मासा आणला आगगाडीने आणि बर्फाने. खंडाळा ते पुणे गाडी १८५८मध्ये धावू लागली, पण घाट अजून पालखीने किंवा पायी ओलांडावा लागे. १८६३मध्ये बोरघाटातला मार्ग सुरू झाला आणि मुंबई-पुणे सलग जोडली गेली. बर्फ मुंबईत त्याआधीच, १८३४मध्ये, अमेरिकेहून जहाजाने आला होता. मात्र तो श्रीमंतांच्या पेल्यात घालायला होता, माशांवर ओतायला नव्हे. माशांवर ओतण्याइतका स्वस्त बर्फ व्हायला कारखान्यात बर्फ बनण्याची वाट बघावी लागली.

पिंपरीत मासे खाणारा माणूस आला तो त्याहून उशिरा. फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासितांची छावणी वसली, आणि सिंधूतल्या पल्लो माशावर वाढलेली कुटुंबं एका कोरड्या माळावर आली. १९५४मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग मोटारींचे कारखाने आले आणि त्यांच्यामागून कोकणी, मल्याळी, बंगाली कामगार. प्रत्येकाने आपल्या गावची कसोटी सोबत आणली. बंगाली माणूस कल्ला उचलून आत बघतो, आमची आजी डोळा बघत असे. मला वाटतं, या गावासाठी बंगाल्याची कसोटी बरोबर आहे, आणि त्याचं कारण बर्फात आहे.

मासा मेला की त्याच्यात दोन वेगळ्या गोष्टी एकामागून एक होतात. आधी त्याच्या स्नायूंतली ऊर्जा संपते आणि काही तासांत अंग लाकडासारखं ताठ होतं. बर्फात हा ताठपणा एखादा दिवस, कधी थोडा जास्त टिकतो, मग स्नायूंतल्याच विकरांमुळे सैल पडतो. इथवर जिवाणूंचा फारसा हात नसतो. ते कल्ल्यांत, कातडीवर आणि आतड्यात असतात, आणि त्यांचं काम सावकाश वाढत जातं. किनाऱ्यावरची कसोटी पहिल्या टप्प्याची आहे: ताठ अंग, चमकता डोळा. पिंपरीत मासा पोचतो तेव्हा तो टप्पा बहुधा उलटून गेलेला असतो. इथे प्रश्न दुसऱ्या टप्प्याचा असतो: जिवाणू कुठवर आले?

हाच प्रश्न स्कॉटलंडमध्येही पडला होता. तिथली जहाजं दूर उत्तरेला जाऊन कॉड पकडत आणि बर्फात घालून कित्येक दिवसांनी बंदरात परतत. अ‍ॅबर्डीनच्या टोरी संशोधन केंद्रात शुवन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५३मध्ये बर्फातल्या माशासाठी गुणपत्रिका प्रसिद्ध केली. डोळे, कल्ले, वास, मांस यांना वेगवेगळे गुण द्यायचे. त्यातलं वासाचं वर्णन मला सगळ्यात उपयोगी वाटतं. ताज्या माशाला समुद्री शेवाळासारखा वास असतो. मग काही दिवस मासा जवळजवळ वासहीन होतो. ‘मासळीचा’ म्हणून आपण ओळखतो तो वास त्यानंतर येतो, आणि शेवटी आंबट, कुजका. म्हणजे बाजारात ज्याला वास नाही तो मासा आज पकडलेला नव्हे, तो मधल्या काळातला. खायला तो उत्तम असतो, फक्त ‘आजचाच आहे’ हे मानू नये.

आता डोळा इथे का फसवतो ते. डोळ्याला बर्फाचा खडा टेकून राहिला तर बुबुळावरचा पडदा पांढुरका होतो; मासा आतून चांगला असला तरी. एकदा गोठवून वितळवलेल्या माशाचाही डोळा दुधाळ दिसतो. पेटीत वरच्या थराचं वजन पडून डोळा दबतो. म्हणून रंगापेक्षा आकार बघावा: बाजूने पाहिल्यावर डोळा अजून बाहेर आलेला किंवा निदान सपाट असेल तर चालेल, मध्ये खळगा पडला असेल तर नको. दोन्ही डोळे बघावेत. एक पांढरा आणि एक स्वच्छ असेल तर दोष बर्फाचा. दोन्ही खोल गेले असतील तर काळाचा.

कल्ला झाकणाखाली असतो, त्यामुळे त्याच्यावर बर्फाचा आघात कमी होतो. ताजा कल्ला लालभडक, त्याचे दाते सुटे, वर पातळ पारदर्शक बुळबुळ. रक्तातला लाल पदार्थ हवेने बदलतो आणि रंग विटकरी, मग तपकिरी, मग राखाडी होतो. त्याच वेळी बुळबुळ दाट, गढूळ होते आणि दाते एकमेकांना चिकटतात. इथेही एक खोच आहे. वितळलेल्या बर्फाचं पाणी सतत वाहत राहिलं तर चांगल्या माशाचे कल्लेही धुऊन फिके गुलाबी होतात. फिका चालतो, तपकिरी नाही. आणि लाल दिसला तरी बोट लावून बघावं: रंग बोटाला पातळ पाण्यासारखा लागला आणि खाली दाते फिकट दिसले, तर ते रक्त दुसऱ्या माशाचं असू शकतं. शेवटी ते बोट नाकाशी न्यावं. पहिला वाईट वास कल्ल्यातच येतो, अंगाला नंतर.

वासाचं एक रसायन आहे, आणि ते पिंपरीत महत्त्वाचं ठरतं. समुद्री माशाच्या स्नायूत एक पदार्थ असतो, जो जिवाणू मोडतात आणि त्यातून ट्रायमिथाइलअमाइन तयार होतं. ‘मासळीचा वास’ तो हाच. गोड्या पाण्यातल्या माशात तो पदार्थ फार कमी. इथे विकल्या जाणाऱ्या रोहू-कटल्यातला मोठा भाग आंध्रातल्या तळ्यांतून येतो, आणि तो शिळा झाला तरी सुरमईसारखा घमघमत नाही. उलट ताज्या रोहूला कधी चिखलाचा वास येतो. तो तळ्याचा असतो, कुजण्याचा नव्हे. म्हणून रोहूला नाकापेक्षा कल्ला आणि पोट जास्त सांगतात. पोट दाबल्यावर लिबलिबीत लागलं किंवा गुदद्वारातून पातळ द्रव आला, तर आतडं विरघळायला लागलं आहे.

मांसाचा घट्टपणा अंगठ्याने बघतात. पाठीच्या जाड भागावर दाबून सोडावं. खड्डा लगेच भरला तर चांगलं, राहिला तर नाही. सुरमई, रावस, बांगडा यांना हे ठीक. बोंबिलाला मात्र लावू नये. त्याच्या अंगात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं, तो पकडतानाही लिबलिबीतच असतो.

आता माझ्या सवयीप्रमाणे एक हिशेब. तापमान वाढलं की मासा किती वेगाने शिळा होतो, याचा एक ढोबळ नियम मत्स्यतज्ज्ञ वापरतात: सेल्सिअस अंशांना दहाने भागा, एक मिळवा, वर्ग करा. शून्य अंशाला वेग एक, पाचला सव्वादोन, दहाला चार. समजा, सुरमई गुरुवारी संध्याकाळी पकडली आणि होडीत लगेच बर्फात गेली. शनिवारी संध्याकाळपर्यंत शून्याजवळ राहिली, म्हणजे दोन दिवस. मग थर्माकोलच्या पेटीतला बर्फ ट्रकमध्ये संपत आला आणि रविवारी सकाळपर्यंतचे बारा तास ती दहा अंशांवर होती. अर्धा दिवस गुणिले चार, म्हणजे आणखी दोन दिवस. एका रात्रीत तिचं वय दुप्पट झालं. एक्सप्रेसवेने रस्त्यातले तास कमी केले, पण हिशेबात तासांपेक्षा अंश भारी पडतात. म्हणून मी विक्रेत्या मावशींना ‘कधी आला?’ न विचारता पेटीच्या तळाशी बर्फ आहे की नुसतं पाणी, ते बघतो.

या चारही कसोट्यांना न सापडणारी एक गोष्ट आहे. आमच्या टीममधल्या एका मुलाने मागच्या उन्हाळ्यात बांगडा खाल्ला आणि अर्ध्या तासात त्याचा चेहरा लाल झाला, अंगाला खाज सुटली, डोकं ठणकलं. त्याला वाटलं अ‍ॅलर्जी. बांगडा, सुरमई, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं आणि उन्हात राहिलेल्या माशात जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात. त्याला वास नाही, आणि ते शिजवल्याने जात नाही. कल्ला अजून लाल असतानाही ते तयार झालेलं असू शकतं. बांगडा घेताना म्हणूनच माझ्यासाठी बर्फ ही पहिली कसोटी, कल्ला दुसरी. २०१८मध्ये केरळ आणि गोव्यात फॉर्मॅलिन लावलेल्या माशांवरून गदारोळ झाला, तेव्हाही अडचण अशीच होती: अंग घट्ट आणि वास नाही, म्हणजे आपल्या खुणा खोट्या पडलेल्या. तेव्हा कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने तयार केलेल्या कागदी पट्ट्या कामी आल्या.

हल्ली आमच्या सोसायटीत बहुतेकजण तुकडे केलेली सुरमई डब्यात मागवतात. तिला डोळा नाही, कल्ला नाही, पोट नाही. उरतो तो कण्याजवळचा गडद पट्टा. तो लाल असेल तर ठीक, तपकिरी झाला असेल तर नको, आणि डब्याच्या तळाशी पाणी साचलं असेल तर मासा बहुधा गोठवून वितळवलेला. बाजारात मात्र मी सुरमई समोर कापून घेतो आणि डोकं मागून घेतो. त्याचं सार चांगलं होतं, आणि कल्ले त्यालाच असतात.