नेग्रोनी : समभागाचे गणित

१/ फ्लॉरेन्स, १९१९. काउंट कामिल्लो नेग्रोनी यांनी ‘अमेरिकानो’ या पेयात सोड्याऐवजी जिन मागितली, अशी आख्यायिका आहे. तिच्याहून भक्कम आधार पॅरिसचा आहे. हॅरी मॅकएल्होन यांच्या १९२७ च्या पुस्तकात कॅम्पारी, गोड व्हर्मूथ आणि बर्बन यांचे समभाग मिश्रण नोंदलेले आहे.

२/ समभागच का? कॅम्पारी जितकी कडू, तितकीच गोड असते; व्हर्मूथही गोडच. जिनमध्ये मात्र साखर नसते. त्यामुळे प्रत्येकी ३० मिलि घेऊन बर्फासह ढवळले की जिन तो गोडवा पातळ करते आणि उरलेल्या गोडव्याला कडवटपणा आवर घालतो. जिन कमी पडल्यास पेय पाकासारखे जड लागते.

३/ आता कडू मद्य बदलून पाहू. अपेरोलमध्ये अल्कोहोल अवघे ११ टक्के आणि कडवटपणाही सौम्य. समभागात पेय गुळमट होते. तेथे जिन ४५ मिलि करावी. फर्नेट याच्या उलट, इतके उग्र की समभागात व्हर्मूथ हरवून जाते. म्हणून कॅम्पारी २५ मिलि ठेवून फर्नेट ५ मिलिच घालावे.

४/ तात्पर्य, समभाग हे कॅम्पारीच्या स्वभावाशी जुळलेले माप आहे. बाटली बदलली की ते चाखून पुन्हा ठरवावे लागते.