दोन चौरसांचा एक चौरस

काटकोन त्रिकोणाच्या दोन लहान बाजूंवर कागदाचे दोन चौरस बसवायचे, ते कापायचे आणि त्याच तुकड्यांनी कर्णावरचा चौरस भरून काढायचा, ही आठवीच्या वर्गात करून घेतली जाणारी कृती दोन वेगळ्या घराण्यांतून आली आहे. एक घराणे आकृत्या कापून जोडणाऱ्या गणितींचे, दुसरे मुलांच्या हाती कागद देणाऱ्या शिक्षकांचे. पहिले फार जुने आहे, दुसरे जेमतेम दोनशे वर्षांचे.

पहिल्या घराण्याचा मूळ प्रश्न बौधायनाच्या शुल्बसूत्रांत स्पष्ट दिसतो. यज्ञवेदी बांधणाऱ्याला दोन चौरसांइतक्या क्षेत्रफळाचा एकच चौरस हवा असे. बौधायन त्याची रीत सांगतो: मोठ्या चौरसातून लहान चौरसाच्या बाजूएवढ्या रुंदीचा आयत आखावा, त्या आयताचा कर्ण म्हणजे हव्या असलेल्या चौरसाची बाजू. इथे दोरी आणि खुंट्या आहेत, कात्री नाही. पण प्रश्न मात्र नेमका तोच आहे, जो पुढे कागदावर आला: दोन चौरसांचा एक चौरस कसा करायचा?

कापण्याची कल्पना चीनमध्ये ठळक झाली. इ.स. 263 मध्ये ल्यू हुई याने ‘नऊ अध्याय’ या जुन्या गणितग्रंथावर टीका लिहिली. तीत त्याने लहान बाजूवरच्या चौरसाला तांबडा आणि मोठ्या बाजूवरच्या चौरसाला निळा रंग देऊन, बाहेर जाणारे तुकडे आतल्या रिकाम्या जागी बसवायला सांगितले. त्याची आकृती काळाच्या ओघात नाहीशी झाली. उरले ते शब्द. त्यांवरून मूळ आकृती कशी असेल, याच्या अनेक मांडण्या अभ्यासकांनी केल्या आहेत. दोन चौरसांना दोन रंग देण्याची युक्ती मात्र आजही वर्गात तितकीच उपयोगी पडते, कारण जोडून झालेल्या चौरसातला कोणता तुकडा कुठून आला हे रंगच सांगतो.

नवव्या शतकात बगदादमध्ये साबित इब्न कुर्रा याने दोन चौरस शेजारी ठेवून ते कापण्याची रीत दिली. भास्कराचार्यांनी 1150 च्या बीजगणितात वेगळी वाट धरली. त्यांच्या उदाहरणात भुज 15 आणि कोटी 20 आहे. तसे चार त्रिकोण कर्ण बाहेर येतील असे मांडले की मध्ये 5 बाजूचा चौरस उरतो. चार त्रिकोणांचे 600 आणि मधल्या चौरसाचे 25 मिळून 625 होतात, म्हणून कर्ण 25. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1545 मध्ये लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिताना भुज, कोटी आणि कर्ण यांच्या या नियमाची उपपत्ती दिली. या साऱ्या मांडण्या जाणत्या वाचकासाठी होत्या. निष्कर्ष त्याला आधीच ठाऊक असे. आकृती त्याची खात्री पटवण्यापुरती होती.

वर्गाला सर्वांत सोयीची ठरलेली कापणी लंडनच्या हेन्री पेरिगल या शेअरदलालाची आहे. हौसेने भूमिती करणाऱ्या या माणसाला ती 1830 च्या सुमारास सुचली आणि 1873 मध्ये छापून आली. तिच्यावर त्याचा इतका जीव होता की इंग्लंडमधल्या तेव्हाच्या एसेक्स परगण्यातल्या वेनिंग्टन गावी त्याच्या थडग्यावर तीच आकृती कोरलेली आहे. तिचे वैशिष्ट्य असे की फक्त मोठा चौरस कापावा लागतो, त्याचे चारही तुकडे एकरूप असतात आणि एकही तुकडा फिरवावा किंवा उलटावा लागत नाही, फक्त सरकवावा लागतो. तेरा वर्षांच्या मुलाला हे झेपते.

दुसऱ्या घराण्याचा आरंभ जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेलच्या बालोद्यानात झाला. त्याच्या शिक्षणसाहित्यात कागदाच्या घड्यांना स्थान होते. त्यातून स्फूर्ती घेऊन टी. सुंदर राव यांनी 1893 मध्ये मद्रासला कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात काटकोन त्रिकोणाच्या बाजूंचा संबंधही घड्या आणि कापणीतून येतो. 1901 मध्ये त्याची अमेरिकन आवृत्ती शिकागोहून निघाली. त्याच वर्षी ग्लासगोच्या परिषदेत जॉन पेरी यांनी शाळेतल्या गणितात मोजणे, कापणे आणि चौकटीचा कागद यांना जागा द्यावी असा आग्रह धरला. युक्लिडची प्रमेये पाठ करण्याच्या प्रथेला हा सरळ विरोध होता. गणितींची कापणी आणि शिक्षकांचा कागद इथे एकत्र आले, आणि जी गोष्ट पटवण्यासाठी होती ती शोधण्यासाठी वापरता येईल असे दिसू लागले.

हा फरक लहान नाही. बऱ्याच वर्गांत आधी फळ्यावर सूत्र लिहिले जाते, मग आखून दिलेले तुकडे चिकटवले जातात. ती पडताळणी झाली. शोध घडवायचा असेल तर सूत्र मागे ठेवावे लागते आणि बौधायनाचा प्रश्न पुढे आणावा लागतो. महाराष्ट्रात काटकोन त्रिकोणाच्या बाजूंचा हा सिद्धांत बालभारतीच्या सातवीच्या पुस्तकातच भेटतो, त्यामुळे आठवीतल्या काहींना सूत्र तोंडपाठ असते. त्यांनाही ते का खरे, हे सांगता येतेच असे नाही, म्हणून कृती त्यांच्यासाठीही वाया जात नाही.

साहित्य साधे आहे: दोन रंगांचा घोटीव कागद, कात्री, पट्टी, दोन गुण्ये आणि कोनमापक. आधी 6 आणि 8 सेंमी बाजूंचा काटकोन त्रिकोण काढून त्या बाजूंचे तांबडा आणि निळा असे दोन चौरस दिले जातात. या दोघांचा मिळून एक चौरस केला तर त्याची बाजू किती, असे विचारल्यावर ‘14’ हे उत्तर हमखास येते. ते लगेच खोडू नये. 14 बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ 196 चौसेमी, आणि हातातला कागद 36 अधिक 64, म्हणजे 100 चौसेमीच आहे, हे मुले स्वतः मोजतात. 100 म्हणजे बाजू 10. मग कर्ण मोजला तर तोही 10.

इथे थांबणे मोहाचे असते, पण इथे सापडला आहे तो फक्त आकड्यांचा मेळ. म्हणून पुढचा त्रिकोण 5 आणि 7 सेंमीचा घ्यावा. चौरस 25 आणि 49 चौसेमीचे, एकूण 74. वर्ग केल्यावर 74 येईल अशी पूर्ण संख्या नाही. कर्ण पट्टीवर 8.6 च्या जवळ येतो, आणि 8.6 चा वर्ग 73.96. ‘जवळजवळ’ आणि ‘बरोबर’ यांतला फरक मोजून मिटत नाही. आता कापण्याला कारण मिळाले.

7 सेंमीच्या निळ्या चौरसाचे कर्ण पेन्सिलीने पुसट काढून मध्यबिंदू शोधायचा. चौरस त्रिकोणाच्या 7 सेंमीच्या बाजूला लागूनच ठेवायचा. एक गुण्या दुसऱ्याच्या कडेने सरकवत त्रिकोणाच्या कर्णाला समांतर रेषा त्या मध्यातून काढायची, आणि त्याच बिंदूतून तिला लंब दुसरी रेषा. दोन्ही रेषांवर कापले की चार एकरूप चौकोन हाती येतात. प्रत्येकाच्या कडा मोजल्या तर चौरसाच्या जुन्या कोपऱ्याला लागून 6 आणि 1 सेंमी, आणि कापलेल्या दोन्ही बाजू 4.3 सेंमीच्या आसपास सापडतात. मग कर्णावर काढलेल्या चौरसाच्या चार कोपऱ्यांत हे चार तुकडे सरकवायचे. मध्याजवळचा काटकोन बाहेरच्या कोपऱ्यात जातो, हे सहसा सांगावे लागत नाही. दोनतीन प्रयत्नांत मुलांना ते दिसते. चारही बसले की मधोमध चौकोनी भोक राहते आणि तांबडा चौरस त्यात नेमका बसतो.

चुका ठरलेल्या आहेत. कोणी मोठ्याऐवजी लहान चौरस कापतो. मग कापलेली रेषा 6.1 सेंमीचीच भरते आणि तुकडे कर्णावरच्या चौरसाच्या कडेला पुरत नाहीत. कोणाचा समांतर धरलेला गुण्या निसटतो. तेव्हा कर्णावरच्या चौरसाच्या कडेशी तुकड्यांचा मेळ बसत नाही आणि भोक वेडेवाकडे होते. कात्रीच्या चुकीची फट आणि खरी उणीव यांत फरक करायचा असेल तर तीच कृती 10 आणि 14 सेंमीवर करावी. कात्रीची चूक साधारण तेवढीच राहते, खरी उणीव मात्र लांबीत दुप्पट होते.

काटकोनाचे महत्त्व कळण्यासाठी 5 आणि 7 च्याच बाजू 100 अंशांच्या कोनात ठेवून पाहावे. समोरची बाजू सुमारे 9.3 सेंमी होते, तिच्यावरचा चौरस 86 चौसेमीचा, आणि 74 चौसेमी कागद टाकल्यावर सुमारे 12 चौसेमी उघडे राहतात. कोन 80 अंशांचा केला की चौरस 62 चौसेमीचा होतो आणि कागद उरतो. बरोबर भरतो तो फक्त 90 अंशांवर.

तरीही तुकडे बसले म्हणजे सिद्ध झाले असे नव्हे. 8 बाजूचा चौरस विशिष्ट रीतीने चार तुकड्यांत कापून ते 5 बाय 13 च्या आयतात मांडले की 64 चे 65 झाल्यासारखे दिसतात. हे कोडे ऑस्कर श्लोमिल्क यांनी 1868 मध्ये छापले. एक चौसेमीची अतिशय बारीक फट आयताच्या कर्णाच्या कडेने लपलेली असते आणि डोळा ती पाहत नाही. हे कोडे त्याच तासाला दिले तर मुलांनाच कारण मागावेसे वाटते.

पेरिगलच्या कापणीचे कारण आठवीच्या आवाक्यात आहे. चौरस मध्याभोवती पाव वळण फिरवला की स्वतःवरच बसतो आणि एक कापलेली रेषा दुसरीवर जाते, म्हणून चारही तुकडे एकरूप. कर्णाला समांतर रेषा 7 सेंमी रुंदी ओलांडते आणि तिचा उतार कर्णाचाच आहे, म्हणून तिची आणि तिच्या लंब रेषेचीही लांबी कर्णाएवढी. अर्धे अधिक अर्धे मिळून कर्णावरच्या चौरसाची कड पुरी होते. भोकाची बाजू 6 वजा 1, म्हणजे 5. बाजू a आणि b असतील, b मोठी असेल, तर त्या दोन कडा (b+a)/2 आणि (b−a)/2 असतात आणि त्यांची वजाबाकी नेहमी a येते. दोन्ही बाजू समान असल्या की दुसरी कड शून्य होते, कापण्याच्या रेषा चौरसाच्या कर्णांवरच पडतात आणि चौकोनांऐवजी चार त्रिकोण मिळतात. भोकाची बाजू तेव्हाही a एवढीच राहते.