तुमचा बनावट एआय व्हिडिओ यूट्यूबवर आला तर तक्रार कशी करावी?

समजा, एका शिक्षिकेचे कार्यक्रमातील भाषण यूट्यूबवर आहे. त्यातला चेहरा आणि आवाज वापरून कोणीतरी बनावट व्हिडिओ टाकला. त्यात बाई एका गुंतवणूक योजनेत पैसे भरायला सांगताना दिसतात. अशा वेळी काय करावे, ते आम्ही क्रमाने देत आहोत.

आधी पुरावा जपा. व्हिडिओ काढला गेला की पुरावाही जातो. म्हणून व्हिडिओची आणि चॅनेलची लिंक, तारीख, वेळ व स्क्रीनशॉट जपून ठेवा. "हे खोटे आहे" असे सांगण्यासाठीही तो व्हिडिओ पुढे पाठवू नका.

योग्य अर्ज निवडा. व्हिडिओखालचे 'रिपोर्ट' बटण दाबून अनेकजण थांबतात. पण आपला चेहरा किंवा आवाज वापरला असेल, तर यूट्यूबच्या मदत विभागात गोपनीयतेच्या तक्रारीचा वेगळा अर्ज आहे. जून 2024 पासून त्यात एआयने बनवलेल्या व्हिडिओंचीही तक्रार घेतली जाते. सहसा ही तक्रार स्वतः त्या व्यक्तीनेच करावी लागते. शंभर मित्रांनी रिपोर्ट करण्यापेक्षा बाईंचा एक अर्ज महत्त्वाचा. चेहरा कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला दिसतो ते लिहा आणि मूळ भाषणाची लिंक जोडा. व्यक्ती ओळखू येते का, व्हिडिओ खरा वाटतो का, की ते उघड विडंबन आहे, हे यूट्यूब तपासते. सहसा व्हिडिओ टाकणाऱ्याला तो काढण्यासाठी 48 तास मिळतात.

तक्रार अधिकाऱ्यालाही त्याच दिवशी लिहा. मोठ्या समाजमाध्यम कंपन्यांना भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतील नियम 3(2)(ब) मध्ये, तोतयेगिरी करणारा किंवा कृत्रिमरीत्या बदललेल्या प्रतिमेचा मजकूर पीडित व्यक्तीच्या तक्रारीनंतर 24 तासांत हटवण्याची तरतूद आली. नंतरच्या दुरुस्तीने ही मुदत आणखी कमी झाली आहे. म्हणून अर्जात स्पष्ट लिहा: "या व्हिडिओत माझा चेहरा व आवाज कृत्रिमरीत्या वापरून माझी तोतयेगिरी केली आहे. नियम 3(2)(ब) नुसार तो हटवावा." तक्रार क्रमांक जपून ठेवा.

नकार आला तर तो मिळाल्यापासून 30 दिवसांत gac.gov.in वर अपील करता येते.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. तक्रारीत दिलेल्या लिंकचाच व्हिडिओ हटतो, त्यामुळे प्रत्येक प्रतीची लिंक द्यावी लागते. व्हॉट्सॲपवर पसरलेल्या प्रती यूट्यूब काढू शकत नाही. शिवाय व्हिडिओ हटला म्हणून तो बनवणारा सापडत नाही. त्यासाठी cybercrime.gov.in वर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार द्या. व्हिडिओला फसून कोणी पैसे भरले असतील, तर त्यांनी लगेच 1930 वर फोन करावा.