प्रशीतक (फ्रिज)

प्रशीतक : आतील उष्णता बाहेर नेऊन अन्न थंड राखणारे विद्युत उपकरण. उष्णता आपोआप गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. तिला उलट दिशेने न्यायचे तर ऊर्जा खर्च करावी लागते. हे काम बंद नळ्यांतून फिरणारा प्रशीतनक द्रव करतो. आज घरगुती फ्रिजमध्ये बहुधा आयसोब्यूटेन वापरतात. वातावरणीय दाबाला तो सुमारे −१२° से. ला उकळतो, दाब पाऊणपट केला की −२०° से. च्या आसपास.

बर्फाच्या कप्प्याभोवतीच्या बाष्पित्रात हा द्रव कमी दाबाखाली उकळतो आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता अन्नातून व आतील हवेतून घेतो. संपीडक (कॉम्प्रेसर) ती वाफ ओढून सुमारे सहा वातावरणांपर्यंत दाबतो. त्यामुळे वाफ खोलीपेक्षा गरम होते. मागच्या जाळीत किंवा बाजूच्या पत्र्याआडच्या नळ्यांत ती उष्णता हवेला देऊन सुमारे ४५° से. ला पुन्हा द्रव बनते. पुढे केसासारख्या बारीक केशनलिकेतून जाताना दाब एकदम घटतो, थोडा द्रव लगेच उकळतो, उरलेला थंड होतो आणि चक्र पुन्हा सुरू होते.

आतून १०० वॅट उष्णता काढताना संपीडकाने ६० वॅट वीज घेतली, तर बाहेर १६० वॅट पडतात. म्हणून दार उघडे ठेवल्यास बंद खोली थंड न होता तापते. जाळीवर धूळ साचली किंवा ती भिंतीला चिकटली, तर उष्णता नीट बाहेर पडत नाही आणि संपीडक जास्त वेळ चालतो. बाष्पित्राच्या सुरुवातीच्या भागावरच बर्फ जमणे हे बहुधा वायुगळतीचे लक्षण असते. बर्फ सुरीने खरवडू नये; नळीला भोक पडले तर ज्वलनशील आयसोब्यूटेन बाहेर पडतो.