ओठांना बांधलेले शब्द आणि मागून येणारा आवाज

राज कपूरचा ‘आवारा’ १९५४ साली सोव्हिएत संघात झळकला, तेव्हा त्याचं नाव ‘ब्रद्यागा’ झालं होतं. तिथल्या सहा कोटींहून अधिक प्रेक्षकांनी तो पाहिला, हे आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं. मात्र त्या प्रेक्षकांनी राज कपूरचा आवाज फारसा ऐकलाच नाही, हे सहसा कोणी सांगत नाही. गाणी हिंदीतच राहिली. संवाद मात्र रशियन नटांच्या तोंडचे होते. पडद्यावरचा माणूस हिंदीत ओठ हलवत होता आणि ऐकू येत होती रशियन. ते दोन्ही जुळून यावं म्हणून कोणीतरी कित्येक दिवस शब्द मोजत बसलं होतं.

मी रशियन शिकू लागल्यावर या मोजणीचं मला कुतूहल वाटू लागलं. रशियनमध्ये परदेशी चित्रपट ऐकवण्याच्या दोन जुन्या रीती आहेत. एक म्हणजे डबिंग. त्यात मूळ आवाज पुसून नवा आवाज ओठांवर बसवतात. दुसरीला रशियनमध्ये ‘ज़काद्रवी पिरिवोद’, म्हणजे चौकटीमागचं भाषांतर, म्हणतात. तिच्यात मूळ आवाज हळू करून ठेवतात आणि त्याच्यावर भाषांतरकाराचा आवाज चालतो. दोन्हींचं साहित्य एकच, पण घड्याळ वेगळं. घड्याळ बदललं की शब्द बदलतात, हे मला हळूहळू कळत गेलं.

आधी डबिंगचं पाहू. सोव्हिएत संघात रशियनमध्ये डब झालेला पहिला परदेशी चित्रपट म्हणजे ‘द इन्व्हिजिबल मॅन’. १९३५ साली मार्क दोन्स्कोय यांच्या दिग्दर्शनाखाली ते काम झालं. पुढे त्याची एक शिस्तबद्ध पद्धत बसली. आधी शब्दशः भाषांतर होई. त्याला ‘पत्स्त्रोच्निक’ म्हणत, म्हणजे ओळीखालची ओळ. ते तसंच नटाच्या हाती देत नसत. मधे एक माणूस असे, ‘उक्लाद्चिक’. ‘उक्लाद्का’ म्हणजे रचून ठेवणं, बसवणं. फरशी बसवणारा कारागीर जसा तुकडा घासून फटीत बसवतो, तसा हा माणूस वाक्य घासून तोंडात बसवी. चित्रपटाचे छोटे तुकडे करून प्रत्येकाची दोन टोकं जोडत. या तुकड्याला ‘कल्त्सो’, म्हणजे कडं, म्हणत. ते पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरे. उक्लाद्चिक ते बघत, पुटपुटत, शब्द बदलत बसे. नंतर त्याच कड्यासमोर उभा राहून नट बोले.

तो नेमकं काय बघे? तीन गोष्टी. पहिली, तोंड केव्हा उघडतं आणि केव्हा मिटतं. दुसरी, त्या वेळात किती उच्चार मावतात. तिसरी, ओठ पूर्ण मिटतात ते क्षण. प, ब, म हे उच्चार ओठ मिटल्याशिवाय होत नाहीत. जवळून घेतलेल्या दृश्यात नटाचे ओठ मिटलेले दिसले आणि कानावर ‘आ’ आला, तर प्रेक्षकाला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे कळतं. वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी ते सर्वात जास्त खटकतं. मधे थोडंफार खपून जातं. नट पाठमोरा झाला किंवा लांब गेला, तर उक्लाद्चिकला मोकळीक मिळते. तिथे तो लांब शब्द खुशाल घालतो.

एक उदाहरण घेऊ. नायिका जवळून दिसते आहे आणि इंग्रजीत म्हणते, ‘प्लीज, डोन्ट लीव्ह मी.’ उच्चाराचे ठोके मोजले तर फक्त चार. सुरुवात ‘प’ने, म्हणजे ओठ मिटलेले. शेवटच्या ठोक्यात ‘म’, म्हणजे पुन्हा ओठ मिटलेले. शब्दशः रशियन होईल ‘पझाल्स्ता, नि उखदी अत मिन्या’. भरभर बोललं तरी दहा ठोके. चारच्या जागी दहा बसवायचे, तर नटीला अडीच पट वेगाने बोलावं लागेल आणि विनवणीची घाई होईल.

मग छाटणी सुरू होते. ‘प्रशू, नि उखदी’ केलं तर सहा ठोके, सुरुवातीचा ‘प’ साधला, पण शेवटचा ‘म’ गेला. ‘नि ब्रसाय मिन्या’, म्हणजे मला टाकू नकोस, यात पाच ठोके. शेवटच्या शब्दात ‘म’ आहे, पण सुरुवातीला ‘प’ नाही. शिवाय ‘ब्रसाय’ हा शब्द ‘लीव्ह’पेक्षा कडवट आहे. त्यात फेकून देण्याचा अर्थ येतो. आता ‘पबूद्य सा म्नोय’ पाहा. ठोके बरोबर चार. सुरुवातीला ‘प’, शेवटच्या ठोक्यात ‘म’. ‘ब’वर ओठ मधेच एकदा जास्त मिटतात, पण मधलं खपून जातं. ओठांच्या हिशेबात हे वाक्य चपखल बसलं.

पण याचा अर्थ काय? थोडा वेळ माझ्याजवळ थांब. मूळ वाक्यात कायमच्या ताटातुटीची भीती होती. इथे घटकाभराची सोबत मागितली आहे. ओठ जुळले आणि बाई बदलली. आणखी एक गोष्ट झाली. ‘पबूद्य’ हे ‘तू’ला उद्देशून आहे. आदरार्थी ‘पबूद्त्ये’ म्हटलं की एक ठोका वाढतो आणि मोजलेली चौकट मोडते.

हा ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा प्रश्न मराठी माणसाला समजावून सांगायला नको. इंग्रजीत ‘यू’ एकच. रशियनमध्ये ‘ती’ म्हणजे तू आणि ‘वी’ म्हणजे तुम्ही. दोन पात्रं एकमेकांना काय म्हणतील, हे भाषांतरकाराने नात्याकडे बघून ठरवायला हवं. पण बऱ्याचदा ते घड्याळ ठरवू पाहतं. ‘हॅलो’त दोन ठोके. अनोळखी माणसाला घालायचा रशियन नमस्कार म्हणजे ‘ज़्द्रास्त्वुइत्ये’, तीन ठोके आणि व्यंजनांची गर्दी. मित्राला म्हणायचं ‘प्रिव्येत’, दोन ठोके. ‘गुडबाय’मध्ये दोन ठोके. त्यासाठी सभ्य शब्द ‘द स्विदानिया’, पाच ठोके. सलगीचा शब्द ‘पका’, दोन. म्हणजे छोटे, बसायला सोपे शब्द बहुतेक सलगीचे, आणि आदराचे शब्द लांब. उक्लाद्चिकने ओठांचंच ऐकलं, तर कारकून साहेबाचा निरोप घेताना ‘पका’ म्हणेल, आणि रशियन प्रेक्षकाला वाटेल की दोघांची जुनी मैत्री आहे. मूळ चित्रपटात अशी मैत्री कुठेच नसते.

रशियन भाषा उक्लाद्चिकला एक सवलतही देते. क्रियापदाच्या रूपावरून कर्ता कळतो, म्हणून सर्वनाम गाळता येतं. मराठीत ‘मी’ न म्हणता ‘येतो’ म्हटलं तरी चालतं, तसंच. ‘आय लव्ह यू’चे तीन ठोके. ‘या तिब्या ल्युब्ल्यू’चे पाच. ‘ल्युब्ल्यू तिब्या’ केलं की चार. नुसतं ‘ल्युब्ल्यू’ म्हटलं तर दोन, आणि तेही पुरतं. लांब भाषेला अशा पळवाटा लागतातच.

पण घड्याळाचं राज्य निरपवाद नाही. बिली वाइल्डरचा १९५९ चा ‘सम लाइक इट हॉट’ सोव्हिएत संघात १९६६ साली ‘जॅझमध्ये फक्त मुली’ अशा अर्थाच्या नावाने आला. त्याचं शेवटचं वाक्य प्रसिद्ध आहे, ‘वेल, नोबडीज परफेक्ट’. सहा ठोके. रशियन प्रेक्षकाच्या तोंडी ते आजही ‘नु, उ काझ्दवा स्वाई निदस्तात्की’ असं आहे, म्हणजे प्रत्येकात आपापले दोष असतात. ठोके अकरा. मूळ वाक्यात ‘ब’ आहे, ‘प’ आहे. रशियनमध्ये ओठ पूर्ण मिटण्याचा एकही उच्चार नाही. नियमाने पाहिलं तर हे वाक्य नापास व्हायला हवं. अधिक जवळचं ‘निक्तो नि इदिआलिन’ सात ठोक्यांत होतं. पण ते कोरडं विधान आहे. जे वाक्य निवडलं, ते चावडीवर कोणी सहज बोलावं तसं आहे. ओठ चुकले, तरी हशा चुकला नाही. म्हणून विनोदाच्या शेवटच्या वाक्याला ओठांपेक्षा बोलीचा हक्क मोठा, असं मी यावरून मानतो.

आता दुसरी रीत. १९८० च्या दशकात सोव्हिएत घरांत व्हिडिओ आले आणि परदेशी चित्रपटांच्या कॅसेट हातोहात फिरू लागल्या. त्यांचं डबिंग करायला ना स्टुडिओ होता, ना परवानगी. एकच माणूस मायक्रोफोनपुढे बसे आणि बाई, पुरुष, मूल, खलनायक सगळ्यांचं बोलणं एकट्याच्या आवाजात सांगे. लिओनिद वलदार्स्की, अलिक्स्येय मिखाल्योव्ह आणि अन्द्र्येय गव्रीलोव्ह ही या कामातली सर्वात ओळखीची नावं. वलदार्स्कींचा आवाज नाकातला होता. त्यांना सरकारने ओळखू नये म्हणून ते नाकाला चिमटा लावतात, अशी दंतकथाच पसरली होती.

या रीतीत ओठांना महत्त्व नाही. भाषांतरकार मूळ वाक्य सुरू झाल्यावर साधारण एक-दोन सेकंदांनी बोलू लागतो. तेवढ्यात प्रेक्षकाला मूळ आवाज ऐकू येतो. कोण बोललं, रागाने की रडत, हे त्याला तिथेच कळतं. अभिनय मूळ नटाने केलेलाच असतो, म्हणून भाषांतरकार सपाट स्वरात बोलला तरी चालतं. ‘नि उखदी, प्रशू’ असं अर्थाला धरून म्हणायला इथे अडचण नाही, ‘प’ आणि ‘म’ कुठेही पडोत.

पण घड्याळ इथेही आहे. उशिरा सुरुवात केल्यामुळे एक-दोन सेकंद आधीच खर्च झालेले असतात. पुढचं पात्र बोलू लागण्याआधी संपवलं नाही, तर तो मागे पडतो. एकदा मागे पडला की प्रश्नाचं भाषांतर उत्तराच्या आवाजावर पडतं आणि कोण काय म्हणालं याचा घोळ होतो. म्हणून तो छाटतो, पण वेगळं छाटतो. ‘वेल’, ‘यू नो’, हाका मारलेली नावं, पुनरुक्ती हे सगळं तो गाळतो, कारण ते मूळ आवाजात ऐकू येतंच. गाभा ठेवतो. डबिंगवाल्याला याच्या उलट करावं लागतं. ओठ हलत असताना शांतता चालत नाही, म्हणून मूळ बोलणं लांब असेल तर तो भर घालतो.

एकाच आवाजाची अडचण रशियन व्याकरण थोडी सोडवतं. भूतकाळात ‘मी थकलो’साठी ‘या उस्ताल’ आणि ‘मी थकले’साठी ‘या उस्ताला’. मराठीसारखंच लिंग क्रियापदात दिसतं. इंग्रजीत ते नाही. भराभर चाललेल्या भांडणात एका पुरुषाच्या आवाजातूनही बाई कधी बोलते, हे त्या एका ‘आ’ने कळतं. असा शब्द घाईत छाटण्यासारखा नाही.

या दोन रीतींत श्रेष्ठ कोणती, असा वाद रशियन प्रेक्षकांत बराच चालतो. मला फरक दुसरीकडे दिसतो. डबिंगमध्ये मूळ आवाज पुसलेला असतो, म्हणून घटकाभर थांबायला सांगणारी ती बाई खरं काय म्हणाली होती, हे प्रेक्षकाला कधीच कळत नाही. बदल घड्याळाने केला की सेन्सॉरने, याचाही माग राहत नाही. व्हॉइस-ओव्हरमध्ये मूळ वाक्य खाली जिवंत असतं. भाषा थोडी येणाऱ्याला भाषांतरकाराची चूक तिथल्या तिथे पकडता येते. ‘ब्रद्यागा’ पाहणाऱ्यांपाशी असा पुरावा फक्त गाण्यांपुरता उरला होता. तेवढ्याच जागी त्यांना खरी हिंदी ऐकू आली, आणि तेवढीच त्यांच्या तोंडी राहिली.