६,४०० ची रूम स्वस्त की ९,००० ची? हॉटेलचे दर नेमके कसे ताडून पाहायचे?

महाबळेश्वरमधलं एकच हॉटेल, एकच रूम आणि त्याच दोन रात्री. एका अ‍ॅपवर दर दिसतो ६,४०० रुपये, दुसऱ्या अ‍ॅपवर ७,२०० रुपये, आणि हॉटेलला थेट फोन केला तर रिसेप्शनवरून सांगतात ९,००० रुपये. यातला सर्वांत स्वस्त पर्याय कुठला, हे विचारायचीही गरज नाही असं वाटतं. पण या तीन आकड्यांमध्ये वेगवेगळ्या गोष्टी धरलेल्या असतात. त्यामुळे ते जसेच्या तसे शेजारी ठेवून तुलना होत नाही.

हे उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, कराचे दर मात्र खरे आहेत. जाणारे तिघे आहेत: आई, बाबा आणि अकरा वर्षांची मुलगी.

तीन दरांत काय काय धरलं आहे?

पहिल्या अ‍ॅपवरचे ६,४०० रुपये फक्त दोन मोठ्यांसाठी आहेत. त्यात नाश्ता नाही, कर नाही आणि बुकिंग रद्द केलं तर पैसे परत नाहीत. मुलीसाठी एक्स्ट्रा बेड घेतला तर रात्रीला १,००० रुपये वेगळे.

दुसऱ्या अ‍ॅपवरच्या ७,२०० रुपयांत नाश्ता आहे, पण दर दोघांचाच आणि कर वेगळा. एक्स्ट्रा बेडचे इथेही १,००० रुपये, त्यात मुलीचा नाश्ता येतो. चेक-इनच्या एक दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर पूर्ण पैसे परत.

हॉटेलने फोनवर सांगितलेल्या ९,००० रुपयांत तिघांची सोय, नाश्ता आणि कर असं सगळं आहे. तीन दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर पूर्ण परतावा, त्यानंतर एका रात्रीचे पैसे कापले जातात.

ईपी, सीपी म्हणजे काय?

दरापुढे लिहिलेली ही अक्षरं जेवणाबद्दल असतात. ईपी म्हणजे फक्त रूम. सीपी म्हणजे रूम आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक वेळचं जेवण, तर एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही वेळचं जेवण. एका हॉटेलचा ईपी दर दुसऱ्याच्या सीपी दराशी ताडून पाहणं म्हणजे राइस प्लेट आणि पूर्ण थाळीची तुलना करण्यासारखं आहे. सीपी असेल तर नाश्ता किती जणांचा, हेही विचारावं लागतं. तो बहुतेक वेळा दोघांचाच असतो.

७,५०० रुपयांची रेषा

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के जीएसटी लागतो. भाडं त्याच्या वर गेलं की कर १८ टक्के होतो, आणि तो फक्त वरच्या रकमेवर नाही तर पूर्ण भाड्यावर लागतो. एक्स्ट्रा बेडचे पैसे भाड्यातच मोजले जातात. दरात धरलेला नाश्ताही सहसा भाड्याचाच भाग मानला जातो.

म्हणून ७,५०० रुपयांची रूम करासह ७,८७५ रुपयांना पडते, तर ७,६०० रुपयांची रूम ८,९६८ रुपयांना. भाड्यात १०० रुपयांची वाढ झाली, पण खिशातून जवळजवळ १,१०० रुपये जास्त गेले.

आता हिशोब

पहिला पर्याय: ६,४०० आणि एक्स्ट्रा बेडचे १,००० मिळून रात्रीचे ७,४०० रुपये. रेषेच्या आत, म्हणून कर ५ टक्के. दोन रात्रींचे १४,८०० आणि कर ७४० मिळून १५,५४० रुपये झाले. पैसे भरायच्या पानावर अ‍ॅपची कन्व्हिनियन्स फी येते, ती करासह ३६० धरू. एकूण १५,९००. नाश्ता हॉटेलमध्येच केला आणि तिघांचे करासह रोजचे ९५० रुपये झाले, तर दोन सकाळींचे १,९००. म्हणजे खरा खर्च १७,८०० रुपये.

दुसरा पर्याय: ७,२०० आणि १,००० मिळून ८,२०० रुपये. रेषा ओलांडली, कर १८ टक्के, म्हणजे रात्रीला १,४७६. एका रात्रीचे ९,६७६ आणि दोन रात्रींचे १९,३५२ रुपये. या अ‍ॅपवर वेगळी फी नाही असं धरलं आहे.

तिसरा पर्याय: ९,००० गुणिले दोन, म्हणजे १८,००० रुपये.

सगळ्यात महाग दिसणारा दर सगळ्यात स्वस्त दरापेक्षा फक्त २०० रुपयांनी जास्त निघाला. मधला वाटणारा दर मात्र सगळ्यात महाग पडला.

रद्द करण्याच्या अटीची किंमत किती?

समजा, निघायच्या चार दिवस आधी मुलीला ताप आला आणि बेत रद्द करावा लागला. पहिल्या पर्यायात भरलेले १५,९०० रुपये गेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायात काहीच गेलं नाही. हेच निघायच्या दोन दिवस आधी घडलं, तर तिसऱ्या पर्यायात ९,००० रुपये जातील आणि दुसऱ्यात तरीही काही जाणार नाही.

म्हणजे पहिल्याऐवजी तिसरा पर्याय घेतला तर २०० रुपयांत १५,९०० रुपयांचा धोका बराच कमी होतो. तिसऱ्याऐवजी दुसरा घेतला तर आणखी दोन दिवसांच्या मोकळिकीसाठी १,३५२ रुपये मोजावे लागतात. सुट्टी मंजूर झालेली नसेल किंवा घरात कुणी आजारी असेल तर तेही परवडू शकतं. नाश्ता बाहेरच करायचा आणि जाणं पक्कं असेल, तर मात्र पहिला पर्याय खरोखर स्वस्त ठरतो.

‘फ्री कॅन्सलेशन’ या दोन शब्दांवर थांबू नका. त्याखाली तारीख आणि वेळ दिलेली असते, ती पाहा. अ‍ॅपची फी रद्द केल्यावर परत मिळते का, हेही तपासा. अनेकदा ती मिळत नाही.

कुठला खर्च तुलनेत धरायचा नाही?

महाबळेश्वरच्या नाक्यावर नगरपालिका घेते तो कर कुठल्याही हॉटेलात उतरलात तरी सारखाच असतो. हॉटेलने घेतलेलं डिपॉझिट परत मिळत असेल तर तोही खर्च नाही. मात्र ३१ डिसेंबरला काही हॉटेलांत गाला डिनरचे पैसे सक्तीने घेतात, ते विचारून एकूण रकमेत मिळवा. जेवणाच्या बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलं आहे. तो काढायला सांगता येतो.

दर शेवटच्या पानावर वाढला तर?

आधी कमी किंमत दाखवायची आणि पैसे भरताना ती वाढवायची, याला ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हणतात. केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ज्या १३ ‘डार्क पॅटर्न’वर बंदी आहे, त्यांत हाही प्रकार आहे. दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट ठेवा. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते.

फोनवर बुकिंग करत असाल तर एकच प्रश्न पुरेसा आहे: “आम्ही इतके जण, इतक्या रात्री. नाश्ता आणि जीएसटी धरून निघताना एकूण किती द्यायचे?” मिळालेलं उत्तर आणि रद्द करण्याची तारीख व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा, आणि मगच अ‍ॅडव्हान्स पाठवा.